इनइक्वॅलिटीत मार्क नक्की कुठे जातात: सीईटी-जेईईच्या आधी ज्युनिअर्ससाठी

परवा तुमच्यापैकी तिघाचौघांनी मला इनइक्वॅलिटीच्या गणितांचे फोटो पाठवले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, की दादा स्टेप्स तर सगळ्या बरोबर आहेत, मग उत्तर का जुळत नाही. मी सगळे फोटो नीट बघितले. कॅल्क्युलेशन खरंच कुणाचंच चुकलेलं नव्हतं. चूक त्याच्या आधीच झालेली होती, अशा ठिकाणी जिथे चूक होतेय असं वाटतच नाही. म्हणून एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहितोय, वही घेऊन बसा आणि प्रत्येक गणित स्वतः करून बघा.

आधी मुळाची गोष्ट. दहावीपर्यंत आपण इक्वेशन सोडवून सोडवून हाताला एक सवय लावून घेतो, की दोन्ही बाजूंना काहीही सारखंच केलं की चालतं, गुणा, भागा, स्क्वेअर करा. इनइक्वॅलिटीत ते चालत नाही. इथे एखाद्या गोष्टीने गुणायचं किंवा भागायचं असेल तर आधी विचारावं लागतं की ही गोष्ट पॉझिटिव्ह आहे का निगेटिव्ह. निगेटिव्ह असेल तर चिन्ह उलटं होतं हे सगळ्यांना पाठ आहे, -2 ने भागायचं असेल तर कुणीच चुकत नाही. पण (x − 3) ने गुणताना तो निगेटिव्ह पण असू शकतो हे डोक्यात येत नाही कारण त्याच्यापुढे मायनस दिसत नाही ना. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बहुतेक सगळ्या याच एका न विचारलेल्या प्रश्नातून येतात.

सगळ्यात कॉमन चूक घ्या, क्रॉस मल्टिप्लाय. गणित असं आहे:

(2x + 1)/(x − 3) ≥ 1

बहुतेक जण x − 3 तिकडे नेतात, 2x + 1 ≥ x − 3, म्हणून x ≥ −4, झालं. दहा सेकंदात उत्तर आणि ते चुकीचं. x = 0 घालून बघा, −4 पेक्षा मोठाच आहे, पण डावीकडे 1/(−3) येतं म्हणजे −0.33, ते 1 पेक्षा मोठं कसं असेल? आणि x = −5 घाला, जो तुमच्या उत्तरात नाहीच, तर (−9)/(−8) म्हणजे 1.125 येतं, म्हणजे तो चालतोय. नको तो आत आला आणि हवा तो बाहेर राहिला.

बरोबर पद्धत म्हणजे काहीही तिकडे न्यायचं नाही, 1 इकडे आणायचा आणि एकच फ्रॅक्शन करायचं. (2x + 1)/(x − 3) − 1 ≥ 0, वरती 2x + 1 − x + 3 होतं, म्हणजे (x + 4)/(x − 3) ≥ 0. आता x ≤ −4 किंवा x > 3. इथे −4 ला चौकोनी कंस पण 3 ला गोल, कारण 3 घातला की खाली झिरो येतो. प्रश्नात ≥ असलं तरी डिनॉमिनेटरवाल्या पॉइंटला कधीच चौकोनी कंस नाही, ही एवढीशी गोष्ट पण अर्धे लोक घाईत विसरतात आणि जर प्रश्न "किती पूर्णांक" असा असेल तर एकाच्या फरकाने उत्तर जातं.

कुणीतरी विचारलं होतं की क्रॉस मल्टिप्लाय कधीच करायचं नाही का. करा की, पण खाली जे आहे ते नेहमी पॉझिटिव्ह आहे याची खात्री असेल तेव्हाच. खाली x² + 1 असेल तर बिनधास्त करा. x² + x + 1 असेल तर डिस्क्रिमिनंट 1 − 4 = −3, निगेटिव्ह, आणि x² चा कोएफिशियंट पॉझिटिव्ह, म्हणजे तो कायम पॉझिटिव्हच राहणार, तिथेही चालेल. ह्याच चुकीचा सख्खा भाऊ म्हणजे x ने भागणं. x² > 5x दिसलं की x > 5 लिहून मोकळे होतात, पण x = −1 घाला, 1 > −5 खरं आहे. x(x − 5) > 0 करा, x < 0 किंवा x > 5.

आता वेव्ही कर्व्ह. ही मेथड सगळ्यांना आवडते कारण एकदम यांत्रिक आहे, नंबर लाइनवर पॉइंट टाका, उजवीकडून प्लस मायनस प्लस मायनस लिहीत या. आणि यांत्रिक आहे म्हणूनच चुकते. हे बघा:

(x − 1)²(x − 4)/(x + 2) ≤ 0

पॉइंट आहेत −2, 1, 4. जे आंधळेपणाने प्लस-मायनस लिहितात त्यांचं असं होतं: 4 च्या पुढे प्लस, 1 ते 4 मायनस, −2 ते 1 प्लस, त्याच्या मागे मायनस. उत्तर येतं x < −2 किंवा 1 ≤ x ≤ 4. चूक. x = 0 घातला तर (1)(−4)/(2) = −2 येतं, म्हणजे तो उत्तरात पाहिजे होता. झालं काय की (x − 1) वर दोनची पॉवर आहे, 1 च्या अलीकडे जा नाहीतर पलीकडे, (x − 1)² पॉझिटिव्हच राहतो, त्यामुळे 1 ओलांडताना साइन बदलतच नाही. इव्हन पॉवर असेल तिथे साइन तशीच पुढे न्यायची, ऑड पॉवर असेल तिथे बदलायची. मग −2 ते 4 सगळं मायनस, आणि उत्तर −2 < x ≤ 4. पूर्णांक मोजा: −1, 0, 1, 2, 3, 4, म्हणजे 6.

आता याच गणितात एक छोटासा बदल केला तर बघा काय काय होतं. ≤ च्या जागी नुसतं < दिलं तर 1 आणि 4 दोन्ही बाहेर जातात कारण तिथे एक्स्प्रेशन झिरो होतं, उरतात −1, 0, 2, 3, म्हणजे 4 पूर्णांक. 4 बाहेर काढायचा हे सगळ्यांना आठवतं, मधला 1 बाहेर काढायचा हे आठवत नाही कारण तो इंटरव्हलच्या पोटात लपलेला असतो. आणि उलट ≥ दिलं तर उत्तर x < −2 किंवा x ≥ 4, आणि सोबत एकटा x = 1. हा एकटा पॉइंट चुकवणारे सगळ्यात जास्त, कारण नंबर लाइनवर तिथे दोन्ही बाजूंना मायनस दिसतो आणि नजर सरळ पुढे जाते. म्हणून माझी पद्धत सांगतो, ≥ किंवा ≤ असलेल्या प्रत्येक गणितात शेवटी न्यूमरेटरचे सगळे झिरो एकेक करून बघायचे की तो माझ्या उत्तरात आलाय का, पाच सेकंद लागतात. आणि अजून एक, उजवीकडून सुरुवात कायम प्लसनेच होते असं नाही. (3 − x)(x + 1) > 0 मध्ये सगळ्यात उजवीकडे मायनस आहे, x = 10 घातला की (−7)(11). आधी (3 − x) ला (x − 3) करून चिन्ह उलटवून घ्या, मग लाइनवर जा.

यापुढची चूक मला स्वतःला सगळ्यात महागात पडली, बारावीत एका मॉक टेस्टमध्ये मी एकाच पेपरात दोन वेळा केली होती आणि दोन्ही वेळा मला उत्तर बरोबर असल्याची पूर्ण खात्री होती. रूटची गणितं. ही दोन शेजारी शेजारी लिहून घ्या, कारण एकटं एकटं केलं की फरक लक्षात येत नाही:

√(x + 7) > x + 1

√(x + 7) < x + 1

दोन्हींना हात आपोआप स्क्वेअर करायला जातो. पहिल्यात x + 7 > x² + 2x + 1, म्हणजे x² + x − 6 < 0, (x + 3)(x − 2) < 0, आणि −3 < x < 2. आता x = −5 घाला. डावीकडे √2 म्हणजे 1.41, उजवीकडे −4. 1.41 हा −4 पेक्षा मोठा आहेच की! मग तो उत्तरात का नाही? कारण स्क्वेअर केल्यावर −4 चा 16 झाला, आणि 2 हा 16 पेक्षा मोठा नाही. स्क्वेअर करताना दोन्ही बाजू नॉन-निगेटिव्ह असतील तरच चिन्ह तसंच राहतं. म्हणून इथे दोन भाग करायचे. उजवी बाजू निगेटिव्ह असेल, म्हणजे x < −1, तेव्हा स्क्वेअर करायची गरजच नाही, रूट नेहमी झिरो किंवा त्याच्या वर असतो त्यामुळे विधान आपोआप खरं आहे, फक्त रूटच्या आत x + 7 ≥ 0 पाहिजे, म्हणजे −7 ≤ x < −1 सगळे चालले. उजवी बाजू झिरो किंवा पॉझिटिव्ह असेल, x ≥ −1, तेव्हा स्क्वेअर करा, −3 < x < 2 येतं, त्यातला −1 ≤ x < 2 एवढाच घ्यायचा. दोन्ही जोडले की −7 ≤ x < 2.

दुसऱ्यात बरोबर उलटं होतं. स्क्वेअर केलं की (x + 3)(x − 2) > 0, म्हणजे x < −3 किंवा x > 2. पण x = −7 घाला, डावीकडे 0 आणि उजवीकडे −6, 0 < −6 कसं होईल. रूटपेक्षा मोठं व्हायचं असेल तर उजवी बाजू पॉझिटिव्ह असलीच पाहिजे, x > −1, त्यामुळे x < −3 वाला पूर्ण तुकडा उडाला आणि उत्तर राहिलं फक्त x > 2. म्हणजे एकात स्क्वेअर केल्याने बरोबर उत्तरं हरवली, दुसऱ्यात खोटी उत्तरं आत घुसली. रूट मोठा म्हणतायत का छोटा म्हणतायत हे बघितल्याशिवाय पेन टेकवू नका.

लॉगचं थोडक्यात सांगतो कारण नियम तुम्हाला माहितीये, बेस 1 पेक्षा लहान असेल तर लॉग काढताना चिन्ह उलटतं. log_(1/2)(x − 1) ≥ −2 मध्ये (1/2) ची −2 पॉवर म्हणजे 4, चिन्ह उलटून x − 1 ≤ 4, x ≤ 5. आणि इथे लोक थांबतात. लॉगच्या आत x − 1 > 0 पाहिजे ना, म्हणून 1 < x ≤ 5. डोमेन विसरलात की उत्तर अर्ध्या नंबर लाइनभर पसरतं. बेसमध्येच x असेल तर बेस 1 पेक्षा मोठा आणि 0 ते 1 मधला अशा दोन केस करायच्याच, त्याला शॉर्टकट नाही.

पण लॉगची एक चूक प्रोबॅबिलिटीत लपून बसते, ती जरा नीट बघा. प्रश्न असतो की नाणं कमीत कमी किती वेळा उडवलं तर निदान एक हेड यायची प्रोबॅबिलिटी 0.99 पेक्षा जास्त होईल. एकही हेड न यायची प्रोबॅबिलिटी (1/2)ⁿ, म्हणून 1 − (1/2)ⁿ > 0.99, म्हणजे (1/2)ⁿ < 0.01. आता दोन्हीकडे log घेतला, बेस 10, तर n log(1/2) < log(0.01). इथे log(1/2) ने भागलं आणि चिन्ह तसंच ठेवलं की n < 6.64 येतं, म्हणजे जितकं कमी उडवाल तितकं चांगलं, असं कसं असेल. log(1/2) हा जवळपास −0.301 आहे, निगेटिव्ह, पण त्याच्यापुढे मायनस लिहिलेला नाही म्हणून डोळ्याला दिसत नाही. चिन्ह उलटवा, n > 6.64, म्हणून 7. खरं तर लॉगची गरजच नाही, 2ⁿ > 100 करा, 2 ची 6 पॉवर 64 आणि 7 पॉवर 128, झालं.

आता एएम-जीएम. इथली चूक वेगळ्या जातीची आहे, चिन्ह उलटण्याशी तिचा संबंध नाही. बघा:

sin²x + 4 cosec²x ची मिनिमम व्हॅल्यू किती?

दोन पॉझिटिव्ह टर्म, गुणाकार केला तर 4, म्हणून बेरीज ≥ 2√4 = 4, उत्तर 4. किती सुंदर वाटतं. पण एएम-जीएमने मिळालेली व्हॅल्यू खरोखर येते कधी, तर दोन्ही टर्म सारख्या असतील तेव्हाच. sin²x = 4/sin²x, म्हणजे sin²x = 2. sin²x तर 1 च्या वर जातच नाही. म्हणजे बेरीज 4 पेक्षा मोठी आहे हे खरं, पण ती 4 कधीच होत नाही. मग मिनिमम किती? t = sin²x घ्या, t + 4/t, t 0 ते 1 मध्ये. डेरिव्हेटिव्ह 1 − 4/t², या भागात कायम निगेटिव्ह, म्हणजे फंक्शन खाली खाली येत जातं आणि सगळ्यात कमी t = 1 ला, 1 + 4 = 5. उत्तर 5.

आता आकडा इकडचा तिकडे करून 4 sin²x + cosec²x घ्या. तेच एएम-जीएम, तेच ≥ 4, पण इथे दोन्ही टर्म सारख्या होतात sin²x = 1/2 ला, ते शक्य आहे, म्हणून इथे उत्तर खरंच 4. दिसायला सारखे प्रश्न, आणि 4 नि 5 दोन्ही पर्यायात दिले की बरोबर कोण आणि चूक कोण हे एका ओळीवर ठरतं: ज्या किमतीला मिनिमम येतं ती किंमत x ला घेता येते का. आणि x + 1/x ≥ 2 हे फक्त पॉझिटिव्ह x साठी, x निगेटिव्ह असेल तर तीच बेरीज ≤ −2 होते, त्यामुळे x रिअल आहे एवढंच दिलं असेल तर 2 ला मिनिमम म्हणू नका.

तपासायचं कसं हे वर सगळीकडे करतच आलोय. उत्तर आलं की आतला एक आकडा आणि बाहेरचा एक आकडा घ्यायचा आणि मूळ गणितात घालायचा, मधल्या स्टेपमध्ये घालून उपयोग नाही कारण चूक त्या स्टेपच्या आधीच झालेली असू शकते. पर्याय दिलेले असतील तर असा आकडा निवडा जो एका पर्यायात आहे आणि दुसऱ्यात नाही. एवढं लक्षात ठेवा की आकड्याने पर्याय खोडता येतो, सिद्ध करता येत नाही, आणि टोकाचे पॉइंट वेगळे तपासावे लागतात. सीईटीत मॅथ्सला ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे वेळ संपत आला असेल तर दोन पर्याय खोडून उरलेल्यातला मारायला हरकत नाही. जेईई मेनच्या पर्यायवाल्या प्रश्नात मात्र बरोबरला +4 आणि चुकीला −1, तिथे हा तपासाचा अर्धा मिनिट काढाच.

शेवटी एक गणित, ज्यात वरच्या तीन चुका एकत्र येतात. या फंक्शनचं डोमेन काढा:

f(x) = √( log_(1/2) ((x − 1)/(x + 5)) )

रूटच्या आत ≥ 0 पाहिजे, म्हणून log ≥ 0. बेस 1/2, चिन्ह उलटणार, म्हणून (x − 1)/(x + 5) ≤ 1. शिवाय लॉगच्या आत असल्यामुळे (x − 1)/(x + 5) > 0 पण पाहिजे. या दुसऱ्या अटीवरून x < −5 किंवा x > 1. आता पहिली अट. इथे ज्याने क्रॉस मल्टिप्लाय केलं त्याला x − 1 ≤ x + 5 मिळतं, −1 ≤ 5, हे तर कायमच खरं, मग तो म्हणतो पहिल्या अटीने काही फरक पडत नाही, उत्तर x < −5 किंवा x > 1. ज्याने बेस बघितलाच नाही त्याने ≥ 1 लिहिलं, आणि 1 इकडे आणून नीट सोडवलं तरी त्याला फक्त x < −5 मिळतं. आणि जो लॉगच्या आतलं पॉझिटिव्ह पाहिजे हे विसरला त्याचं उत्तर x > −5.

बरोबर असं: (x − 1)/(x + 5) − 1 = −6/(x + 5), हे ≤ 0 पाहिजे, म्हणजे x + 5 > 0, x > −5. दुसऱ्या अटीशी कॉमन घेतलं की x > 1. आता तपासा. x = −6 घाला, (−7)/(−1) = 7, आणि 7 चा बेस 1/2 चा लॉग निगेटिव्ह, रूट निघत नाही, म्हणून x < −5 वाला तुकडा गेला. x = 0 घाला, −1/5, लॉगच निघत नाही. x = 2 घाला, 1/7, त्याचा लॉग साधारण 2.8, रूट निघतो. आणि टोकाचा x = 1 घातला तर आत 0 येतो, 0 चा लॉग नाही, म्हणून गोल कंस. डोमेन (1, ∞).